नुसता फोटो, खाली एक शब्द नाही

रात्रीचे पावणेअकरा झाले होते. सहामाहीचे पेपर तपासून मी लाल पेन बंद करतच होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. धाकट्या नणंदेने एक फोटो पाठवला होता. सलाम नाही, प्रश्न नाही, काही नाही. फक्त रक्त तपासणीच्या रिपोर्टचा फोटो. कागद पलंगावर ठेवून घाईत काढलेला, वरच्या बाजूला फुलाफुलांची चादर दिसत होती आणि उजवीकडचा एक रकाना कापला गेला होता.

आमच्या घरात इंग्रजी वाचणारी म्हणून असे कागद माझ्याकडेच येतात. बँकेची नोटीस असो, औषधाच्या डबीतली चिठ्ठी असो, "भाभी, जरा बघ ना" ठरलेलेच. पण बँकेची नोटीस वाचणे वेगळे आणि रक्ताचा रिपोर्ट वाचणे वेगळे. नोटिशीत जे लिहिलेले असते तेच तिचे म्हणणे असते. रिपोर्टमध्ये लिहिलेले असतात ते आकडे, आणि माणसाला काय झाले आहे हे त्या कागदावर कुठेच लिहिलेले नसते.

रिपोर्ट भाचीचा होता. वय १९, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, नुकतीच तिच्या मामेभावाशी बोलणी सुरू झालेली. मी उत्तर लिहायच्या आत दुसरा मेसेज आला, "भाभी, सच्ची बोल, ब्लड कॅन्सर तर नाही ना?"

मग कळले की हाच फोटो अर्ध्या तासापूर्वी तिने घरच्या ग्रुपवरही टाकला होता. ग्रुपमध्ये ४३ माणसे. त्यांतल्या कुणीतरी "प्लेटलेट्स वाढल्यात, हे चांगलं लक्षण नाही" असे लिहून मोकळे झाले होते.

माझी एक जुनी चूक

भाचीच्या रिपोर्टचे पुढे काय झाले ते सांगण्याआधी मामूंचे सांगते, कारण त्या रात्री मी जे केले ते मामूंमुळे केले.

चार वर्षांपूर्वी माझ्या मामूंनीही असाच रिपोर्ट पाठवला होता. वय ६१. हिमोग्लोबिन ८.८, लाल पेशी लहान. मी थोडेफार वाचलेले होते. लहान पेशी म्हणजे बहुधा लोहाची कमतरता, एवढे मला ठाऊक होते. मी फोनवर मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "मामू, घाबरू नका, लोह कमी आहे. खजूर खा, गूळ-शेंगदाणे खा, पालक खा. होईल ठीक." मामूंना हायसे वाटले. डॉक्टरांकडे जायचे होते ते राहून गेले.

अडीच महिन्यांनी फजरच्या वेळी मशिदीच्या पायरीवर ते चक्कर येऊन पडले. दवाखान्यात रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. दुर्बिणीने तपासल्यावर पोटात जखम सापडली. गुडघेदुखीसाठी ते वर्षानुवर्षे दुकानातून गोळ्या आणून खात होते, त्या गोळ्यांनी जठराला व्रण पडला होता आणि तिथून थोडे थोडे रक्त जात होते. शौचाला काळे होत होते. पण ते त्यांनी मला सांगितले नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते.

माझी चूक नीट समजून घ्यावी अशी आहे. मी शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला नव्हता. लोह खरोखरच कमी होते. पण "लोह कमी आहे" हे उत्तर नाही, तो पुढचा प्रश्न आहे: ते गेले कुठे? साठीतल्या पुरुषाच्या शरीरातले लोह कमी झाले, तर डॉक्टर सर्वांत आधी कुठून रक्त जात नाही ना, हे शोधतात. माझ्या दिलाशाने तो शोध अडीच महिने लांबला. मामू आज अल्लाहच्या कृपेने बरे आहेत. पण त्या दिवसापासून मी स्वतःला एक मर्यादा आखून घेतली आहे. कागदावर काय छापले आहे ते मी सांगते. शरीरात काय घडते आहे ते सांगणे माझ्याकडे नाही.

आधी प्रश्न, मग उत्तर

त्या रात्री मी नणंदेला पहिला मेसेज केला तो असा: "कॅन्सर आहे असं या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. आणि नाही असं सांगायचा अधिकारही मला नाही. आधी ग्रुपवरून फोटो काढ. मग मला फोन कर."

तिने फोटो काढला, मग फोन केला. मी तिला चार गोष्टी विचारल्या. भाचीला माहीत आहे का की तू हा कागद मला पाठवला आहेस? तिचे वय कागदावर बरोबर छापले आहे का? डॉक्टरांनी ही तपासणी कशासाठी सांगितली होती? आणि आत्ता ती कशी आहे, धाप, छातीत दुखणे, चक्कर, कुठून रक्त जाणे, असे काही आहे का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आकडे वाचण्याआधी माणूस ठीक आहे का ते बघायचे. समोरच्याला बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, रक्त जात असेल किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली छापलेले असेल, तर शब्दांचे अर्थ सांगत बसू नये. "आत्ता डॉक्टरांना फोन कर, नाहीतर दवाखान्यात जा" एवढेच सांगायचे. भाचीला तसे काही नव्हते. थकवा होता, जिना चढताना धाप लागायची, केस गळायचे.

वय, स्त्री की पुरुष, गरोदर आहे की नाही, हे का विचारायचे? शाळेतले उदाहरण देते. मुलगा घरी येऊन म्हणाला, "मला ४२ गुण मिळाले," तर आई आधी काय विचारते? कितीपैकी? पन्नासपैकी ४२ आणि शंभरपैकी ४२ यांत जमीन-अस्मानाचा फरक. रक्ताचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात प्रौढ पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेले, तर रक्तक्षय मानतात. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी ही रेषा १२ आहे. गरोदरपणात ती ११ च्या आसपास येते. म्हणजे ११.४ हा एकच आकडा तिघांसाठी तीन वेगळ्या गोष्टी सांगतो. नुसता फोटो पाठवला आणि त्यात वयाची ओळ कापली गेली असेल, तर वाचणारा अंदाजाने वाचतो.

जो रकाना कापला गेला होता

मी नणंदेला सांगितले, कागद टेबलावर सपाट ठेव, घडी मोड, आणि उजवीकडचे दोन्ही रकाने दिसतील असा फोटो काढ. त्या दोन रकान्यांशिवाय रिपोर्ट वाचताच येत नाही. एकात एकक असते, म्हणजे आकडा कशात मोजला आहे ते. दुसऱ्यात त्या प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा असते.

ग्रुपवरचा सगळा गोंधळ याच दोन रकान्यांमुळे झाला होता. भाचीचा दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा होता. त्यात प्लेटलेट्स ३.१ लिहिल्या होत्या. आताच्या रिपोर्टमध्ये ४७२. आणि शेजारी "एच" हे अक्षर. कुणालाही वाटेल की शंभरपटीहून जास्त वाढल्या! पण जुन्या कागदावर लाखात मोजले होते आणि नव्यावर हजारात. ४७२ हजार म्हणजे ४.७२ लाख. त्या लॅबची वरची मर्यादा ४.१ लाख होती. म्हणजे किंचित जास्त. एवढीच गोष्ट. फोटोत एककाचा रकाना असता, तर त्या रात्री कुणाची झोप उडाली नसती.

आणि ते "एच" किंवा "एल" अक्षर, किंवा आकड्याशेजारची चांदणी, हे डॉक्टरांचे मत नसते. आकडा मर्यादेच्या वर गेला की "एच", खाली गेला की "एल", असे यंत्र आपोआप छापते. बहुतेक मर्यादा निरोगी माणसांच्या मधल्या ९५ टक्क्यांवरून काढलेल्या असतात. याचा अर्थ असा की पूर्ण निरोगी माणसाच्या २० वेगवेगळ्या तपासण्या केल्या, तर सरासरी एक आकडा मर्यादेबाहेर पडतोच. म्हणून एकटे "एच" बघून घाबरू नये, आणि सगळे आकडे मर्यादेत आहेत म्हणून त्रास अंगावरही काढू नये.

आणखी एक काळजी. घडीच्या रेघेवर किंवा अंधुक फोटोत दशांश चिन्ह हरवते. ९.४ चे ९४ दिसते. म्हणून मी आकडे नेहमी फोनवर मोठ्याने वाचून घेते, "नऊ पॉइंट चार" असे.

आकडे काय म्हणत होते

दुसरा फोटो नीट आला. त्यातल्या कामाच्या ओळी अशा होत्या: हिमोग्लोबिन ९.४. लाल पेशी ४.१८ दशलक्ष. एमसीव्ही ७२. आरडीडब्ल्यू १८.४. पांढऱ्या पेशी ७,९००. प्लेटलेट्स ४.७२ लाख.

मी नणंदेला एकेक शब्द समजावला. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला तो लाल पदार्थ, जो फुफ्फुसातून प्राणवायू उचलून सगळ्या अंगात पोहोचवतो. त्याच्यात लोह असते. लाल पेशी म्हणजे त्याला वाहून नेणाऱ्या टोपल्या. एमसीव्ही म्हणजे एका टोपलीचा सरासरी आकार. तो साधारण ८० ते १०० असतो, भाचीचा ७२ होता. म्हणजे टोपल्या लहान. आणि आरडीडब्ल्यू म्हणजे टोपल्यांच्या आकारात किती फरक आहे ते. प्रार्थनेला रांगेत उभ्या केलेल्या एकाच वर्गातल्या मुलांची उंची साधारण सारखी असते. पण पहिलीपासून दहावीपर्यंतची मुले एकाच रांगेत उभी केली, तर उंची कमी-जास्त होणारच. आरडीडब्ल्यू वाढला म्हणजे पेशींची रांग अशी मिसळलेली आहे. त्याची मर्यादा साधारण १४-१५ पर्यंत असते.

पांढऱ्या पेशी, ज्यांच्यावरून सगळ्यांना कॅन्सरची भीती वाटत होती, त्या मर्यादेत होत्या. प्लेटलेट्सबद्दल मी एवढेच सांगितले की लोह कमी असताना, अंगात सूज किंवा संसर्ग असताना त्या थोड्या वाढलेल्या दिसू शकतात, आणि भाचीत त्या का वाढल्या ते डॉक्टर सांगतील.

इथवर मी शब्दांच्या आत होते. इथून पुढे एक पाऊल टाकले असते, तर निदानात गेले असते. मोह तर झालाच. कारण लहान पेशी आणि वाढलेला आरडीडब्ल्यू यांची जोडी बहुतेक वेळा लोहाच्या कमतरतेत दिसते.

पण लहान पेशींचे दुसरेही एक मोठे कारण आपल्याकडे आढळते, थॅलेसेमिया मायनर. यात माणूस आजारी नसतो. आईकडून किंवा वडिलांकडून एक सदोष जनुक आलेले असते, त्यामुळे पेशी जन्मापासूनच लहान बनतात. अशा माणसात टोपल्या लहान असतात, पण त्यांची संख्या भरपूर असते. लोह कमी असेल तर टोपल्या लहानही असतात आणि त्यांची संख्याही फारशी वाढत नाही. म्हणून डॉक्टर एक साधा भागाकार करून बघतात: एमसीव्ही भागिले लाल पेशींची संख्या. उत्तर १३ पेक्षा बरेच जास्त आले, तर लोहाच्या कमतरतेकडे कल. १३ पेक्षा कमी आले, तर थॅलेसेमिया मायनरची शंका. भाचीचे ७२ भागिले ४.१८ म्हणजे सुमारे १७.

गणित मलाही येते. तरीही मी नणंदेला "लोहच आहे" असे म्हटले नाही. हा भागाकार फक्त कल दाखवतो, आणि तो चुकतोही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, तेव्हा तर तो फसतोच. शिवाय लोह कमी ठरले, तरी मामूंचा प्रश्न राहतोच: गेले कुठे?

म्हणून मी निदानाऐवजी प्रश्न दिले. नणंदेला कागद-पेन घ्यायला लावले आणि डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न लिहून दिले. पेशी लहान आहेत त्याचे कारण शोधायला कोणती तपासणी करायची? लोह कमी असेल, तर ते कशामुळे कमी झाले? आणि गोळ्या सुरू केल्या, तर पुन्हा रक्त कधी तपासायचे? हे तीन प्रश्न घेऊन डॉक्टरांसमोर बसलेली आई पाच मिनिटांच्या भेटीतही खूप काही मिळवून येते.

कागदाचा वरचा भाग

आता त्या फोटोच्या वरच्या भागाकडे येते. खरी जखम तिथे झाली होती.

रिपोर्टच्या माथ्यावर भाचीचे पूर्ण नाव होते. वय, मोबाइल नंबर, लॅबचा क्रमांक, एक चौकोनी क्यूआर कोड आणि ज्यांनी तपासणी सांगितली त्या डॉक्टरांचे नाव. डॉक्टर स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या. ४३ जणांच्या ग्रुपमध्ये एका अविवाहित मुलीच्या रिपोर्टवर स्त्रीरोगतज्ज्ञांचे नाव! आकडे कुणाला कळले नाहीत, पण ते नाव सगळ्यांना कळले. दुसऱ्या दिवशी सकाळी होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला, "मुलीला काय झालंय? त्या बाईंकडे का नेलं होतं?"

भाची दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "मामी, माझं रक्त काढलं त्याचं दुखलं नाही. अम्मीने ते सगळ्यांना वाटलं त्याचं दुखलं." तिच्या आईने काळजीपोटीच केले होते. पण अमानत अमानतच असते. ठेवायला दिलेले सोने आपण शेजाऱ्यापाजाऱ्याला दाखवत फिरत नाही. मुलीच्या शरीराची माहिती त्याहून नाजूक आहे. १९ वर्षांची मुलगी सज्ञान आहे. तिचा कागद कुणाला दाखवायचा ते तिला विचारूनच ठरले पाहिजे.

मग मी आणि भाची मिळून तोच फोटो योग्य रीतीने कसा पाठवायचा ते बसून केले. ते इथे सांगते.

आधी कागद स्वतः तपासायचा. नाव, वय आणि तारीख आपलीच आहे ना? लॅबमध्ये कागदांची अदलाबदल होऊ शकते. ही खात्री झाकण्याआधीच करायची, कारण पुढे वाचणाऱ्याला ती करता येणार नाही. मग फोटो कापायचा. नाव, मोबाइल नंबर, पत्ता, लॅबचा क्रमांक, आधार किंवा आभा क्रमांक, बारकोड, क्यूआर कोड आणि डॉक्टरांचे नाव जायला हवे. क्यूआर कोडकडे लोक दुर्लक्ष करतात. पण बऱ्याच लॅबचा क्यूआर कोड मोबाइलने वाचला की पूर्ण रिपोर्टच उघडतो, नावासकट. नाव खोडले आणि कोड ठेवला, म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्यावर ठेवली.

वाचणाऱ्याला लागते ते मात्र ठेवायचे: वय, स्त्री की पुरुष, नमुना घेतल्याची तारीख, आणि तपासणीचे नाव, आकडा, एकक व मर्यादा हे चारही रकाने. वय वरच्या भागाबरोबर कापले गेले, तर फोटोखाली हाताने लिहायचे. भाचीने लिहिले, "स्त्री, १९, गरोदर नाही, थकवा तीन महिन्यांपासून. एमसीव्ही म्हणजे काय?" एवढ्या एका ओळीने वाचणाऱ्याचे अर्धे अंदाज संपतात.

झाकण्यापेक्षा कापणे चांगले. मोबाइलमधल्या हायलायटरने नाव काळे केले तरी तो रंग अर्धवट पारदर्शक असतो. फोटोचा उजेड वाढवला की अक्षरे खालून दिसतात. मी वर्गात मुलांना हे करून दाखवले, तेव्हा ती थक्क झाली. पीडीएफ फाइलवर काळी पट्टी ठेवली, तरी खालची अक्षरे फाइलमध्ये तशीच राहू शकतात. शिवाय लॅबकडून आलेल्या पीडीएफच्या फाइलच्या नावातच पुष्कळदा रुग्णाचे नाव असते. म्हणून हव्या तेवढ्या भागाचा स्क्रीनशॉट घ्यावा, तो कापावा आणि तोच पाठवावा. रिपोर्ट दोन-तीन पानांचा असेल, तर ज्या पानाबद्दल प्रश्न आहे तेवढेच पान द्यावे. मागच्या पानावर कावीळ, एचआयव्ही किंवा गरोदरपणाची तपासणी असू शकते. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय माहिती उघड करण्यावर बंधन घातले आहे.

आणि पाठवायचे ते एकाला, ग्रुपला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांसाठी मेसेज पुसता येतो, पण त्याला साधारण दोन दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात तो फोटो कुणाच्या गॅलरीत आपोआप उतरलेला असतो, कुणी पुढे ढकललेला असतो. नणंदेने अर्ध्या तासात पुसला, तरी सकाळी सासूबाईंचा फोन आलाच.

ज्याच्याकडे असा फोटो येतो, त्याचेही काम असते. मी समजावून झाले की फोटो माझ्या मोबाइलमधून पुसते आणि तसे कळवते. दुसऱ्या कुणा जाणकाराला विचारायचे झाले, तर फोटो पुढे पाठवत नाही, फक्त आकडा विचारते: "एकोणीस वर्षांच्या मुलीचा एमसीव्ही ७२ असेल तर काय काय बघतात?" त्या प्रश्नात नाव लागतच नाही.

पुढे काय झाले

नणंद आणि भाची तीन प्रश्नांचा कागद घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी फेरिटिन नावाची तपासणी सांगितली. फेरिटिन म्हणजे लोहाचे कोठार किती भरलेले आहे ते. ते ६ आले. १५ च्या खाली गेले की कोठार रिकामे समजतात. मग डॉक्टरांनी भाचीला एकटीला बसवून विचारले. दीड वर्षापासून तिची पाळी आठ-नऊ दिवस चालत होती, आणि हे तिने लाजेने आईलाही धड सांगितले नव्हते, "त्रास होतो" एवढेच म्हणाली होती. लोह तिथून जात होते. ही गोष्ट त्या कागदावरच्या एकाही ओळीत नव्हती. मी कितीही हुशारीने आकडे वाचले असते, तरी मला ती सापडली नसती.

पाळीवर उपचार सुरू झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी चहाबरोबर घेऊ नको, चहाने लोह अंगी लागत नाही, असेही डॉक्टरांनी बजावले. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.३ झाले. डॉक्टरांनी सांगितले की आकडा मर्यादेत आला तरी गोळ्या लगेच थांबवायच्या नाहीत, कोठार भरायला आणखी तीन महिने लागतील.

बोलणी मामेभावाशी चालली आहेत हे कळल्यावर त्यांनी आणखी एक सुचवले: कोठार भरल्यावर मुलीची, आणि मुलाचीही, थॅलेसेमियाची तपासणी करून घ्या. लोह कमी असताना या तपासणीतला एक आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणून थांबायचे. नवरा-बायको दोघेही मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मोठा थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक असते. एकाच खानदानात लग्न असेल, तर तेच जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. म्हणून निकाहाआधी विचारलेले बरे. दोन्ही तपासण्या झाल्या. त्यांत काय आले ते मला माहीत आहे, पण ते त्या दोघांचे आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

परवा रात्री पुन्हा भाचीचा फोटो आला. वरचा भाग कापलेला, चारही रकाने स्वच्छ, खाली तिच्या हातची एक ओळ: "मामी, आरडीडब्ल्यू आता १४.६. म्हणजे रांगेतली मुलं एका वर्गातली झाली ना?" मी लिहिले, "रांग सरळ होत चाललीय असं आकडा म्हणतोय. बाकी डॉक्टरांना विचार." आणि फोटो पुसून टाकला.